सीसी, बीसीसी की रिप्लाय ऑल : आधी बघा, उत्तर कुठं जाणार

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात खरेदी बघतो. पाच सप्लायरांकडून पिग आयर्नचा दर मागवताना एकच मेल केला. एकाचा पत्ता वर टाकला, बाकी चौघांना सीसीत घेतलं. त्यातल्या एकानं रिप्लाय ऑल केलं आणि त्याचा दर सगळ्यांनी बघितला. मालक म्हणतात, बीसीसी का केलं नाहीस? या तिन्हींत नक्की फरक काय आणि कधी काय वापरायचं?

उत्तर :

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दर फुटला तो सप्लायरनं दाबलेल्या बटणामुळं, पण त्या बटणाला बाकीचे पत्ते पुरवले तुमच्या मेलनं. आणि समजा त्यानं ते बटण दाबलंच नसतं, तरी थोडं नुकसान झालेलंच होतं. मेल उघडताक्षणी पाचही जणांना कळलं की आणखी कुणाकुणाकडून दर मागवलाय. पिग आयर्न विकणारे एकमेकांना ओळखतात. दोन फोन झाले की पाच वेगवेगळे दर यायचे ते साधारण एकाच आकड्याभोवती येतात. म्हणजे इथं दोन गोष्टी बिघडल्या : यादी कुणाकुणाला दिसली ही एक, आणि उत्तर कुठं गेलं ही दुसरी. बीसीसीनं तुमच्या बाबतीत दोन्ही टळल्या असत्या, तरीही पाच सप्लायरांसाठी मी बीसीसी सुचवणार नाही. कारण पुढं येतंच.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालून टाइप केलं की वरचा कागद मूळ पत्र आणि खालचा त्याची प्रत. पत्राच्या शेवटी प्रत कुणाला दिली ते लिहायचं. आपल्याकडच्या सरकारी पत्रांत अजूनही तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहून खाली नावं असतात. ती ओळ म्हणजेच सीसी. पत्र ज्याच्या नावानं आहे त्यानं काम करायचं, तळाच्या नावांनी माहिती ठेवायची, आणि पत्र कुणाकुणाला गेलंय हे सगळ्यांना उघड. बीसीसी, म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, हीसुद्धा टाइपरायटरच्याच काळातली युक्ती. मूळ पत्र मशीनमधून काढून घ्यायचं आणि फक्त खालच्या प्रतीवर ‘बीसीसी अमुक’ अशी ओळ टाइप करायची. मूळ पत्र ज्याच्या हातात पडेल त्याला त्या प्रतीचा पत्ताच नसायचा.

ईमेलमध्ये टू, सीसी आणि बीसीसी हे तिन्ही रकाने 1982 च्या आरएफसी 822 या मानकात होतेच आणि अर्थही तोच राहिला. पण कागदाच्या पत्राला ‘सगळ्यांना उत्तर द्या’ असं बटण नव्हतं. आजचा बहुतेक घोळ तिथूनच होतो.

मेल प्रत्यक्षात जातो कसा ते एकदा बघून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. तुमचा मेल प्रोग्राम सर्व्हरला आधी पाकिटावरचे पत्ते सांगतो आणि मग आतलं पत्र देतो. हे दोन वेगळे भाग आहेत.

```
MAIL FROM:<kharedi@example.com>
RCPT TO:<sales@example.net>
RCPT TO:<malak@example.com>
DATA
From: kharedi@example.com
To: sales@example.net
Subject: Pig iron rate
```

`DATA` च्या वरचं सगळं पाकीट, खालचं सगळं पत्र. पाकिटावर दोन पत्ते आहेत, म्हणून मेल दोघांना पोचणार. पत्रात मात्र एकच पत्ता लिहिलाय. `malak@example.com` हा इथं बीसीसीतला माणूस. बीसीसीचा पत्ता पाकिटावर असतो आणि पत्रातून गाळलेला असतो, एवढीच त्यातली जादू. टू आणि सीसीचे पत्ते दोन्हीकडं असतात. टू आणि सीसीत पोचण्याच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. कुणाकडून कामाची अपेक्षा आहे आणि कुणाला नुसतं कळवलंय, एवढंच त्यातून समजतं.

आता रिप्लाय ऑल. ते दाबलं की समोरच्याचा प्रोग्राम आपल्या हातात आलेलं पत्र वाचतो. पाठवणाऱ्याचा पत्ता घेतो, टू आणि सीसीतले सगळे पत्ते घेतो, त्यातून स्वतःचा पत्ता वगळतो आणि उरलेल्यांना उत्तर पाठवतो. पाकीट त्याला दिसत नाही, म्हणून बीसीसीतले लोक त्याच्या उत्तरात येऊच शकत नाहीत. साध्या रिप्लायला फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो. तेव्हा पत्ता कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठरवताना माझी एकच पद्धत आहे : समोरच्यानं डोळे झाकून रिप्लाय ऑल दाबलं तर ते उत्तर कुणाकुणाकडं जाईल, आणि ते मला चालेल का? काही कंपन्यांत प्रोग्रामची सेटिंगच अशी असते की उत्तर द्यायला गेलं की रिप्लाय ऑलच उघडतं. त्यामुळं समोरचा जपून दाबेल या भरवशावर राहू नये.

ही पद्धत तुमच्या दर मागवण्याला लावून बघू. समजा 25 टन पिग आयर्न हवंय, दर प्रति टन, शिरोली पोच, जीएसटी वेगळा, पैसे 30 दिवसांनी. एकाला टू आणि चौघांना सीसी केलं तर काय होतं ते तुम्ही बघितलंच. दुसरा मार्ग बीसीसीचा : टू मध्ये तुमचाच पत्ता आणि पाचही सप्लायर बीसीसीत. कुणीही रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडं येईल. दर फुटणार नाही, नावंही फुटणार नाहीत. पण सप्लायरला मेल उघडल्यावर दिसतं की वर त्याचा पत्ताच नाही. म्हणजे हा मेल बऱ्याच जणांना गेलाय हे तो ओळखतो, ‘प्रिय महोदय’ वाचून तर नक्कीच. मग तो दरही तसाच सर्वसाधारण देतो, किंवा ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो. काही ऑफिसांत टू मधला पत्ता बघून मेल ठरावीक फोल्डरला टाकायचे नियम लावलेले असतात. बीसीसीतून आलेला मेल त्या नियमात बसत नाही आणि भलतीकडं पडून राहतो.

म्हणून पाच-सात सप्लायर असतील तर मी पाच-सात वेगळे मेलच करायला सांगतो. मजकूर एकदा लिहायचा, पाच वेळा चिकटवायचा, प्रत्येकात नाव त्या माणसाचं. दहा मिनिटांचं काम आहे. यात एक धोका आहे : चिकटवताना एका मेलात दुसऱ्याचं नाव राहून जातं. ते होऊ नये म्हणून मजकुरात कंपनीचं नाव फक्त पहिल्या ओळीत ठेवायचं, मधे कुठंही नाही, आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. पत्ता नसेल तर सेंड चुकून दाबलं तरी मेल जात नाही.

मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडं ऑडिटला ‘सगळ्यांना एकाच वेळी, एकाच अटींवर विचारणा केली’ हे दाखवावं लागत असेल, तर बीसीसीचा एक मेल सोयीचा पडतो. तुमच्या सेंट फोल्डरमधल्या प्रतीत बीसीसीची पूर्ण यादी दिसते, वेळही एकच असते. वेगळे मेल केले तर पाचही प्रती एका लेबलखाली जपून ठेवा, तेही चालतं.

आता मालकांना कळवायचं कसं? इथं बहुतेक जण मालकांना बीसीसीत टाकतात, आणि बीसीसीचा सगळ्यात वाईट अपघात इथंच होतो. मालकांच्या हातात आलेल्या पत्रात टू मध्ये सप्लायर दिसतो. त्यांनी मोबाइलवर घाईत रिप्लाय ऑल दाबून ‘हा माणूस नेहमी चढा दर लावतो, दोन टक्के पाडून घे’ असं लिहिलं, तर ते तुमच्याबरोबर सप्लायरलाही जातं. मालक आत बसून बघत होते हेही त्याला कळतं आणि काय बोलले तेही. बीसीसी गुप्त असते ती बीसीसीतला माणूस गप्प बसेपर्यंतच. त्यापेक्षा आधी सप्लायरला मेल पाठवा, मग सेंटमधून तोच मेल मालकांना फॉरवर्ड करा. फॉरवर्ड केलेल्या मेलवर मालकांनी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर तुमच्याकडंच येतं, कारण त्या पत्रात वर फक्त तुम्ही दोघं आहात. सप्लायरचा पत्ता खाली मजकुरात राहतो आणि मजकुरातले पत्ते बटण उचलत नाही.

मालकांना उघड सीसीत ठेवायचं का? ठेवता येतं, पण दर ठरवण्याच्या मेलात मी टाळतो. सप्लायरला मालकांचा पत्ता मिळाला की तो पुढची घासाघीस थेट वर करतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही. ऑर्डर पक्की झाल्यावर, माल कधी पोचणार या मेलात मालक सीसीत असलेले उलट बरे. सप्लायर तारीख पाळतो.

बीसीसीचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. दिवाळीला कारखाना बंद राहणार, त्या काळात माल स्वीकारला जाणार नाही, हे 180 ग्राहक आणि सप्लायरांना कळवायचंय. इथं कुणाकडून उत्तर नको आहे, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला दाखवायचं काही कारण नाही. टू मध्ये स्वतःचा पत्ता, 180 जण बीसीसीत. रिप्लाय ऑल करून कुणी ‘आपणांसही दीपावलीच्या शुभेच्छा’ लिहिलं तरी ते तुमच्यापाशीच थांबतं. हेच 180 पत्ते सीसीत असते तर त्या एका शुभेच्छेच्या 180 प्रती निघाल्या असत्या, मग ‘मला यातून काढा’ म्हणणारा एक, आणि तोही सगळ्यांना. मायक्रोसॉफ्टमध्ये 1997 साली नेमकं हेच झालं. सुमारे 13 हजार लोकांच्या एका यादीवर कुणीतरी ‘मला यातून काढा’ लिहिलं, बाकीच्यांनी ‘मलाही’ म्हणत सगळ्यांना उत्तरं दिली आणि मेलची यंत्रणाच कोलमडली. त्या यादीचं नाव बेडलॅम डीएल 3.

पत्ते उघडे पडण्याची किंमत कधी कधी दरापेक्षा मोठी असते. स्कॉटलंडमधल्या एचआयव्ही स्कॉटलंड या संस्थेनं 2020 च्या फेब्रुवारीत 105 लोकांना बीसीसीऐवजी सीसीत घालून एक मेल केला. त्यातल्या 65 पत्त्यांत माणसाचं नावच होतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयानं 2021 मध्ये 10 हजार पौंड दंड केला. मेलात काय लिहिलंय याला महत्त्व नव्हतं. नावांची यादी हीच गुप्त माहिती होती. तुमच्या सप्लायरांची यादीही त्याच जातीची आहे, फक्त पणाला लागलेली गोष्ट लहान.

180 पत्त्यांच्या बाबतीत संख्येकडंही लक्ष ठेवा. साध्या जीमेल खात्यावरून एका दिवसात 500 पत्त्यांची मर्यादा आहे. ती ओलांडली की खातं काही काळ मेल पाठवायचं थांबवतं. शिवाय ग्राहकांना बँक खातं बदलल्याचं कळवायचं असेल तर बीसीसी अजिबात नको. वर नाव नाही, मजकूर सर्वसाधारण, आणि पैसे नव्या खात्यात भरा असं सांगणारा मेल म्हणजे हुबेहूब फसवणुकीचा मेल. शहाणा ग्राहक तो उघडून बाजूला टाकेल. ते वेगळ्या मेलनं आणि फोन करूनच कळवावं.

बीसीसीचा आणखी एक छोटा पण छान उपयोग आहे. तुमच्या ओळखीच्या कुणी सप्लायरशी गाठ घालून दिली, त्याचे आभार मानायचे आहेत, पण पुढचे वीस मेल त्याच्या डोक्यावर आदळायला नकोत. तेव्हा उत्तरात त्याला सीसीतून काढून बीसीसीत टाका आणि पहिल्याच ओळीत तसं लिहा : ‘साहेबांना बीसीसीत घेतोय, पुढं आपण दोघं बोलू.’ त्याला एवढा एक मेल मिळतो. सप्लायर उत्तर देतो ते तुम्हालाच, साहेब आपोआप बाहेर.

रिप्लाय ऑल नेहमी वाईटच, असंही मात्र नाही. ग्राहकाकडून तक्रार आली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले. टू मध्ये तुमचे क्वालिटीचे साहेब, सीसीत डिस्पॅच, अकाउंट्स आणि ग्राहकाकडचा इंजिनिअर. क्वालिटीच्या साहेबांनी नुसतं रिप्लाय केलं तर डिस्पॅचला कळत नाही की पुढचा लॉट थांबवायचाय, आणि ते गाडी भरून टाकतात. इथं रिप्लाय ऑलच हवं. उत्तरामुळं यादीतल्या इतरांचं काम बदलत असेल तर रिप्लाय ऑल. ‘मिळालं, धन्यवाद’ एवढंच असेल तर साधा रिप्लाय, किंवा तोही नको. आणि सीसीत असलेल्या माणसाकडून काम हवं असेल तर त्याला सीसीत ठेवून मजकुरात मधेच ‘अकाउंट्सनी क्रेडिट नोट काढावी’ असं लिहू नका. सीसीतला माणूस मेल वरवर वाचतो. त्याला टू मध्ये घ्या, नाव घालून ओळ लिहा.

याच ठिकाणी एक गळती होते, तिला बीसीसीचाही इलाज चालत नाही. मेलच्या खाली आधीच्या मेलांची शेपटी लटकत असते. तुम्ही आणि क्वालिटीचे साहेब आपापसात पाच मेल बोललात : चूक वाळूतल्या ओलाव्याची आहे, बदली माल दिला तर किती खर्च येईल, किती टक्के सूट देऊन भागेल. सहाव्या मेलात कुणीतरी ग्राहकाला सीसीत घेतलं की ते पाचही मेल त्याला खाली वाचायला मिळतात. आतली चर्चा चालू असताना बाहेरच्या माणसाला जोडायचं असेल तर नवीन मेल सुरू करा, जुन्यातच त्याला घेऊ नका. जुनाच धागा चालवायचा असेल तर शेपटी स्वतः खालपर्यंत वाचून कापा. जीमेलमध्ये ती तीन टिंबांच्या बटणामागं लपलेली असते, दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका.

आता तुमच्यापुढचं. झालेला मेल परत ओढता येत नाही. आउटलुकमधला `Recall` फक्त त्याच कंपनीच्या सर्व्हरवरच्या लोकांसाठी चालतो, बाहेरच्या सप्लायरला त्याचा उपयोग शून्य. सगळ्यांना ‘कृपया दुर्लक्ष करा’ असा मेल तर पाठवूच नका. ज्यानं वाचलं नव्हतं तोही मागं जाऊन वाचतो. ज्याचा दर फुटला त्याला आधी फोन करा आणि पत्त्यांची यादी उघडी राहिली ही चूक तुमच्याकडची होती हे सरळ कबूल करा, कारण ती होतीच. मग जुनी विचारणा रद्द धरून पाचही जणांना वेगवेगळ्या नव्या मेलनं, नव्या विषयानं, अमुक तारखेपर्यंत सुधारित दर मागवा. अटींत खरंच काही बदलता येत असेल, 25 टनांऐवजी दोन हप्त्यांत माल, किंवा 30 ऐवजी 15 दिवसांत पैसे, तर बदला. त्यामुळं फुटलेल्या आकड्याशी थेट तुलना करणं त्यांना अवघड जातं.

आणि ऑफिसातल्या प्रत्येक जीमेल खात्यात आजच दोन सेटिंग बघून घ्या. दोन्ही `Settings` मध्ये `General` खाली आहेत. `Undo Send` पाच सेकंदांवर असेल तर 30 वर न्या, त्यापेक्षा जास्त मिळत नाही. `Default reply behavior` मध्ये `Reply` निवडा, म्हणजे तुमच्याकडून तरी नुसत्या सवयीनं रिप्लाय ऑल जाणार नाही. खाली `Save Changes` दाबायला विसरू नका, नाहीतर दोन्ही होते तसेच राहतात.